काकांच्या स्टुडिओतली जुनी निक्कोर कोणत्या बॉडीवर चालेल?

प्रश्न: आमच्या काकांचा परभणीत फोटो स्टुडिओ होता. कपाट रिकामं करताना दोन जुन्या लेन्स सापडल्या. एकीवर ‘निक्कोर-एच ऑटो १:२ एफ=५०मिमी’ आणि ‘निप्पॉन कोगाकु जपान’ असं लिहिलंय, दुसरीवर ‘यशिका एमएल ५०मिमी १:२’. समोरून, बाजूने आणि मागून काढलेले फोटो जोडलेत. माझ्याकडे निकॉन डी७२०० आहे, बहिणीकडे डी३५०० आणि मित्राकडे कॅनन १५००डी. यातली कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर बसेल?

उत्तर: आधी सगळ्यात महत्त्वाचं: निक्कोर तुमच्या डी७२००वर चढवून बघू नका. बहिणीच्या डी३५००वर ती बसेल, पण एम मोडमध्ये आणि हाताने फोकस करून. मित्राच्या कॅननवर दोन्ही लेन्स चालतील, प्रत्येकीला आपापला ॲडॉप्टर लागेल. यशिका मात्र तुमच्या दोन्ही निकॉन बॉडींसाठी कामाची नाही.

आता हे फोटोंवरून कसं कळलं ते सांगतो, म्हणजे कपाटातून आणखी काही निघालं तर तुम्हालाच ओळखता येईल.

निक्कोरच्या पुढच्या कड्यापासून सुरुवात करू. ‘१:२’ म्हणजे लेन्सचं सर्वांत मोठं ॲपर्चर एफ२. ‘एच’ हे अक्षर आत किती काचा आहेत ते सांगतं. त्या काळी निकॉन हे अक्षराने लिहीत असे: क्यू म्हणजे चार, पी म्हणजे पाच, एच म्हणजे सहा, एस म्हणजे सात. ‘ऑटो’ वाचून ऑटोफोकसची आशा धरू नका. बटण दाबल्यावर पाती आपोआप मिटतात आणि फोटो झाला की परत उघडतात, एवढाच त्याचा अर्थ. ही एच मालिकेतली ५० मिमी एफ२ १९६४ साली आली. ‘निप्पॉन कोगाकु’ हे नाव साधारण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कोरलं जायचं, नंतर तिथे ‘निकॉन’ आलं. म्हणजे काच कुठल्या काळातली आहे ते पुढच्या कड्यावरून पक्कं झालं. पण बॉडी कुठली चालेल, हे पुढचं कडं सांगत नाही. त्यासाठी लेन्स उलटी करावी लागते.

निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा आहे. तीन खाचांचा हा माउंट दिसायला आजही तोच आहे, त्यामुळे ‘निकॉनची लेन्स, निकॉनची बॉडी, मग अडचण काय?’ असं वाटणं साहजिक आहे. अडचण १९७७मध्ये तयार झाली. तोवर लेन्सवर किती ॲपर्चर लावलंय हे बॉडीला कळायचं ते ॲपर्चर रिंगवर उभ्या असलेल्या दोन धातूच्या कानांमधून. तुमच्या बाजूच्या फोटोत ५.६च्या आकड्यावर ते दिसतात. १९७७मध्ये निकॉनने एआय पद्धत आणली. त्यात हे काम कानांकडून काढून ॲपर्चर रिंगच्या मागच्या कडेकडे दिलं. कडेचा बराचसा भाग खाली उतरवून एक उंचवटा तेवढा ठेवला. लेन्स चढवली की हा उंचवटा बॉडीच्या माउंटबाहेरच्या एका छोट्या खटक्याला ढकलतो. खटका किती सरकला यावरून बॉडीला ॲपर्चर समजतं.

जुन्या लेन्सची कडा असा उतार न देता पूर्ण गोलाकार उंच असते. ती बॉडीवर फिरवली की उंचवट्यासाठी असलेल्या जागेत सगळी कडा घुसते आणि खटक्यावर दाबली जाते. कधी लेन्स पहिल्या फेऱ्यातच अडते, कधी थोडा जोर लावल्यावर बसतेसुद्धा. कडेची उंची प्रत्येक लेन्सवर सारखी नसते, म्हणून एकाची बसली आणि दुसऱ्याची अडली असंही ऐकायला मिळतं. ‘माझ्या मित्राने लावली, काही झालं नाही’ हा पुरावा धरू नका. खटका वाकला किंवा तुटला की त्या बॉडीवर नंतर लावलेल्या प्रत्येक एआय लेन्सचं मीटर चुकायला लागतं. ऑटोफोकस लेन्स सोनेरी संपर्कांमधून माहिती देतात, त्यांना फरक पडत नाही. त्यामुळे बिघाड कित्येक महिने लक्षातही येत नाही आणि बॉडी विकायला काढली की घेणाऱ्याच्या हाती जातो. जुनी डी७००० किंवा डी३०० घेताना हा खटका बोटाने हळूच सरकवून बघा. सोडल्यावर तो स्प्रिंगने जागेवर परत आला पाहिजे.

आता तुमच्या फोटोंवर येतो. बाजूच्या फोटोत ॲपर्चरच्या आकड्यांची एकच ओळ दिसते, २ ते १६. एआय लेन्सवर दोन ओळी असतात: एक मोठ्या आकड्यांची आणि माउंटजवळ एक बारीक आकड्यांची. ही बारीक ओळ व्ह्यूफाइंडरमध्ये छोट्या खिडकीतून वाचण्यासाठी असते. तुमच्या लेन्सचे कान भरीव आहेत. एआय लेन्सच्या कानांना भोकं असतात, कारण त्या बारीक आकड्यांवर उजेड पडायला हवा. या दोन्ही खुणा ‘एआयच्या आधीची’ असंच सांगतात.

तरीही मागच्या फोटोशिवाय मी शब्द दिला नसता, आणि त्याचं कारण बाजारात आहे. १९७७नंतर अशा कितीतरी लेन्स बदलून घेतल्या गेल्या. निकॉनने स्वतः जुन्या लेन्ससाठी नव्या ॲपर्चर रिंगा बनवल्या होत्या. ती रिंग बसवलेली लेन्स पुढून तुमच्यासारखीच, ‘निप्पॉन कोगाकु’ लिहिलेली दिसते, पण रिंगवर दोन ओळी असतात आणि ती डी७२००वर बिनधास्त चालते. दुसरा प्रकार म्हणजे गावोगावच्या कारागिरांनी कानशीने कडा घासून काढलेल्या लेन्स. त्यांच्यावर आकड्यांची ओळ एकच असते, कान भरीवच असतात, पण कडा कापलेली असते. म्हणून शेवटचा निकाल कडेवरून लावायचा.

उलट दिशेनेही फसगत होते. १९७४ ते १९७७ या काळातल्या निक्कोरना रबराची फोकस रिंग होती आणि नावातलं अक्षरही गेलं होतं, नुसतं ‘निक्कोर ५०मिमी १:२’ असं लिहिलेलं. दिसायला त्या एआयसारख्याच, त्यामुळे विकणारा सर्रास ‘एआय आहे’ म्हणून देतो. मुळात त्यासुद्धा एआयच्या आधीच्याच, आणि कडा तशीच पूर्ण उंच.

तुमच्या मागच्या फोटोत कडेचा अर्धाच भाग नीट दिसतो. जेवढा दिसतो तेवढा सलग उंच आहे आणि घासल्याची चकाकी नाही. पण कापलेला भाग उरलेल्या अर्ध्यात असू शकतो. एक फोटो पुन्हा काढून पाठवा. लेन्स काच खाली करून मऊ कापडावर ठेवा. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरका पडेल अशा जागी. मोबाईल अगदी जवळ नेऊ नका, जवळून गोल वस्तूचा आकार बिघडतो आणि कडेची उंची खोटी दिसते. हातभर अंतरावरून दुप्पट झूम करून काढा. मग लेन्स पाव फेरा फिरवून तसाच दुसरा, असे चारही बाजूंचे काढा. सेल्फी कॅमेरा नको, त्यात अक्षरं उलटी येतात. अक्षरांमध्ये धूळ बसली असेल तर कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका.

लाल ठिपक्यांबद्दल एक गोष्ट, कारण अनेक जण इथेच अडखळतात. फोकसच्या खुणेशेजारचा लाल ठिपका माउंटचा नसतो. तो इन्फ्रारेड फिल्मसाठी फोकस थोडा सरकवायचा, त्यासाठी असतो. बॉडीच्या ठिपक्याशी तो जुळवून लेन्स बसवायला गेलात तर ती बसणार नाही आणि तुम्ही जोर लावाल. निकॉनची लेन्स चढवताना बॉडीकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवतात. कॅनन आणि पेंटॅक्सची काट्यांच्या दिशेने. ज्याला कॅननची सवय आहे त्याचा हात इथे हमखास चुकतो.

आता बॉडी. खटका आहे की नाही हे नावावरून पाठ करायची गरज नाही, बॉडी कॅप काढून माउंटच्या धातूच्या गोल चकतीबाहेर बघितलं की कळतं. डी७२००वर एक छोटा पत्रा वर्तुळात सरकताना दिसेल. डी३००, डी७०००, डी७१००, डी७५०, डी८१० यांच्यावरही तो आहे. डी३५०० आणि त्याआधीच्या डी३००० मालिकेत नाही, डी५००० मालिकेतही नाही. आता गंमत अशी की बहिणीची सर्वांत स्वस्त बॉडी इथे सर्वांत सुरक्षित ठरते. खटकाच नाही, तर तुटणार काय? निकॉन डीएफवर खटका आहे, पण तो वर उचलून ठेवता येतो, त्यामुळे ती बॉडीही सुरक्षित. फिल्मवर काढायची हौस असेल तर एफएम, एफई आणि एफ३ यांचाही खटका दुमडतो. एफएम२ आणि एफएम१०चा दुमडत नाही. आपल्याकडे फोटोग्राफी शिकणाऱ्यांकडे एफएम१० भरपूर होत्या, कपाटात तीही निघाली तर ही निक्कोर तिच्यावर लावू नका.

डी३५००वर लावताना मोड डायल एमवरच ठेवा. इतर मोडमध्ये बॉडीला लेन्स दिसत नाही आणि बटण दबत नाही. लोक इथे घाबरतात आणि बॉडी बिघडली म्हणून घेऊन येतात. मीटरही चालणार नाही, पण मराठवाड्यातल्या उन्हात मीटरचं फार अडतही नाही. भर दुपारी आयएसओ १००, एफ८ आणि एक चारशेअंश सेकंद इथून सुरुवात करा. झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत एफ४ आणि एक दोनशेअंश. फोटो काढून हिस्टोग्राम बघा आणि शटर एक-दोन टप्पे इकडेतिकडे करा. वेरूळला कैलासच्या काळ्या पाषाणावर फोटो बघून अंधारा वाटतो, पण आकाश पांढरं पडेपर्यंत शटर कमी करू नका.

ॲपर्चर लेन्सवरच्या रिंगने लावायचं. फोकस एफ२वर करा, तेव्हाच व्ह्यूफाइंडरमध्ये फरक स्पष्ट दिसतो. डाव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका हाताने फोकस केल्यावरही लागतो, त्याच्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. फ्लॅश वापरायचा असेल तर तोही मॅन्युअलवर. या बॉडीच्या छोट्या सेन्सरवर ५० मिमीचा कोन ७५ मिमीसारखा पडतो. खोलीतल्या घोळक्यासाठी तो अरुंद आहे, पण एका माणसाच्या चेहऱ्यासाठी छान.

लावण्याआधी एक तपासणी मात्र करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. रिंग १६वर ठेवा. लेन्सच्या मागे एक छोटी दांडी आहे, ती बोटाने ढकला. पाती पूर्ण उघडतील. दांडी सोडताच ती झटक्यात मिटली पाहिजेत. रेंगाळत मिटत असतील किंवा पात्यांवर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसत असेल तर एफ८वरचे सगळे फोटो पांढरट येतील, कारण शटर उघडलं तेव्हा पाती मिटलेलीच नसतात. एफ२वरचे मात्र बरोबर येतील. हा फरक दिसला की दोष पात्यांचा, तुमच्या अंदाजाचा नाही. उजेडाकडे धरून आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, ती आधी साफ करून घ्या.

ही निक्कोर तुम्हाला डी७२००वरच हवी असेल तर दोन मार्ग आहेत. निकॉनची मूळ एआय रिंग मिळाली तर उत्तम, पण आता ती मिळणं नशिबाचा भाग. दुसरा, कडा घासून घेणं. त्यासाठी मागचे स्क्रू काढून रिंग पूर्ण वेगळी करावी लागते. लेन्स तशीच धरून कानस चालवली तर ॲल्युमिनियमचा भुगा पात्यांत आणि फोकसच्या पेचात जातो आणि मग ती लेन्स कोणत्याच बॉडीसाठी उरत नाही. घासणाऱ्याला समोर दुसरी एआय ५० मिमी एफ२ ठेवायला सांगा. दोन्ही एफ२वर लावून उंचवटा नेमका कुठे सुरू होतो ते जुळवायचं. ती जागा चुकली तर लेन्स बसेल, पण मीटर प्रत्येक फोटोत तेवढ्याच टप्प्यांनी चुकेल. काम झाल्यावर बॉडीच्या मेनूतल्या नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये ५० मिमी आणि एफ२ भरा, मग ए मोडमध्येही मीटर चालेल. बॉडी बदलायच्या विचारात असाल तर डी७५०० या कामासाठी घेऊ नका. नंबर मोठा असला तरी निकॉनने तिच्यावरून हा खटका काढून टाकला, त्यामुळे घासलेल्या लेन्सलाही तिथे मीटर मिळत नाही.

आता यशिका. हिच्यावर कान नाहीत आणि मागे तीनच खाचा आहेत, म्हणून फोटोत ती निकॉनसारखी वाटू शकते. पण ‘यशिका एमएल’ हे नाव आलं की माउंट काँटॅक्स-यशिका, बहुधा काकांच्या एफएक्स-३ बरोबरची. त्याआधीच्या ‘यशिनॉन’ लेन्सपैकी अनेकींना मागे पेचाचे आटे असतात, झेनिटच्या लेन्सना असतात तसे ४२ मिमीचे. मागे आटे दिसले की तो वेगळा माउंट, इथे तो प्रश्न नाही.

यशिका निकॉनवर का नको, हे अंतराचं गणित आहे. प्रत्येक माउंटमध्ये लेन्स टेकते त्या चकतीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफचं ४६.५ मिमी, काँटॅक्स-यशिकाचं ४५.५, कॅनन ईओएसचं ४४. यशिका निकॉनवर बसवली तर ॲडॉप्टरची जाडी शून्य धरली तरी ती एक मिमी पुढे राहते. ५० मिमीच्या लेन्ससाठी त्याचा हिशोब सोपा आहे: पन्नासचा वर्ग २,५००, त्याला एकाने भागलं की २,५०० मिमी. म्हणजे फोकस अनंतावर लावला तरी लेन्स साधारण अडीच मीटरपर्यंतच स्पष्ट बघेल आणि त्यापलीकडचं सगळं धूसर. ॲडॉप्टरची खरी जाडी धरली तर त्याहूनही कमी. मध्ये काच असलेले ॲडॉप्टर हा दोष झाकतात, पण चित्राची धार घालवतात. माझं मत विचाराल तर त्यावर पैसे घालू नका.

कॅननकडे मात्र जागा शिल्लक आहे. निक्कोरसाठी अडीच मिमी आणि यशिकासाठी दीड मिमी जाडीचा बिनकाचेचा ॲडॉप्टर लागतो. मागवताना लेन्सचा माउंट आणि बॉडीचा माउंट दोन्ही सांगा, नुसतं ‘यशिका ते कॅनन’ म्हणून मागवलंत तर पेचाच्या आट्यांचा ॲडॉप्टर हाती पडू शकतो. १५००डीवर अशी लेन्स लावली की ॲपर्चरच्या जागी ००सारखा आकडा दिसतो, तो बिघाड नाही. एव्ही मोडमध्ये मीटर चालतं. इथे पाती बटण दाबल्यावर मिटत नाहीत, रिंग फिरवाल तशी तिथल्या तिथे मिटतात, त्यामुळे एफ८वर व्ह्यूफाइंडर अंधारतो. आधी पूर्ण उघडी ठेवून फोकस करा, मग रिंग मोजून फिरवा आणि मग बटण दाबा.

कडेचे चार फोटो आले की निक्कोरबद्दल उरलेली शंका मिटेल. त्यात एका भागात कडा खाली उतरलेली आणि धातू उघडा पडलेला दिसला, तर काकांनी ती आधीच घासून घेतलेली असू शकते. तसं असेल तर तीच लेन्स डी७२००वर लावता येईल. तेव्हा बॉडी आडवी धरा, लेन्स दोन बोटांत पकडून हळू फिरवा आणि अडल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा.